चॉकलेट सिस्ट आणि दिवस राहण्याचं गणित

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'चॉकलेट सिस्ट' हे शब्द पहिल्यांदा वाचले की धास्ती वाटण्याआधी जरा गंमतच वाटते. गाठीला इतकं गोड नाव? अमेरिकेतल्या ऑल्बनी शहरातले स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांनी १९२१ मध्ये आपल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच हा शब्द वापरला होता. कारण अगदी साधं आहे. बीजकोशातली ही गाठ उघडली की आतून दाट, तपकिरी, वितळलेल्या चॉकलेटसारखा द्रव बाहेर येतो. ते असतं महिनोन्‌महिने साठून राहिलेलं जुनं रक्त.

हे रक्त तिथे कसं पोचलं? गर्भाशयाला आतून एक अस्तर असतं. दर महिन्याला ते गर्भासाठी जाड होतं आणि गर्भ राहिला नाही की सुटून पाळीच्या रूपाने बाहेर पडतं. या अस्तरासारख्याच पेशी गर्भाशयाच्या बाहेर, म्हणजे ओटीपोटातल्या आवरणावर, बीजकोशावर, कधी आतड्यावर रुजल्या, तर त्या आजाराला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. या पेशीही संप्रेरकांच्या तालावर चालतात, त्यांनाही दर महिन्याला रक्तस्राव होतो, फक्त ते रक्त बाहेर पडायला वाट नसते. सॅम्पसन यांनी १९२७ मध्ये मांडलं की पाळीचं थोडं रक्त गर्भनलिकांमधून उलटं पोटात जातं आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. हे उलटं वाहणं तर जवळजवळ सगळ्याच बायकांमध्ये होतं. मग काहींमध्येच पेशी का रुजतात, याचं पूर्ण उत्तर त्या सिद्धांतात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या दहापैकी साधारण एका स्त्रीला हा आजार असतो.

आजाराबद्दल एवढी ओळख पुरे. हा लेख त्यातल्या एकाच प्रश्नाचा आहे: याचा दिवस राहण्यावर नेमका काय परिणाम होतो, आणि तो किती मोठा आहे हे ठरवायचं कसं? त्यासाठी आपण एका बाईची फाइल उघडू. ती खरी कुणी नाही, उदाहरणासाठी घेतली आहे. तिला ज्योती म्हणू.

ज्योती बत्तीस वर्षांची, सांगलीजवळच्या एका शाळेत शिक्षिका. लग्नाला चार वर्षं झाली. पहिली दीड-दोन वर्षं तिने आणि अमोलने मूल पुढे ढकललं होतं, आता दोन वर्षं आणि चार महिने प्रयत्न चालू आहेत. कॉलेजपासून पाळीचे पहिले दोन दिवस ती गोळी घेतल्याशिवाय उभी राहू शकत नाही. "सगळ्यांनाच दुखतं गं, लग्न झालं की थांबतं," असं आई म्हणायची. लग्नानंतर थांबलं तर नाहीच, उलट संबंधाच्या वेळीही आत खोलवर कळ येऊ लागली. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सोनोग्राफीत डाव्या बीजकोशात साडेचार सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट दिसली. उजवा बीजकोश स्वच्छ. बीजसाठ्याचा अंदाज देणारी ए.एम.एच. ही रक्ततपासणी १.९ आली. अमोलची वीर्यतपासणी ठीक.

मग ती तिघांकडे गेली आणि तिघांनी तीन सल्ले दिले. पहिले म्हणाले, सहा महिने गोळ्या घ्या, गाठ कमी होईल. दुसरे म्हणाले, दुर्बिणीतून गाठ काढून टाकू. तिसऱ्यांनी सरळ टेस्ट ट्यूब बेबीचा मार्ग सुचवला. घरी सासूबाईंचा चौथा सल्ला होता: मूल झालं की हे दुखणं आपोआप जातं, तेव्हा आधी मूल. यात कोण बरोबर? माझ्या मते हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. त्यातला प्रत्येक जण वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देत होता. ते प्रश्न वेगळे करून पाहिले की गुंता बराच सुटतो.

आधी आत काय बिघडतं ते पाहू. दर महिन्याला बीजकोशातून एक स्त्रीबीज बाहेर पडतं. ते आपणहून नळीत जात नाही. गर्भनलिकेच्या टोकाला बोटांसारखी मऊ झालर असते. ती बीजकोशाच्या पृष्ठभागावरून फिरते आणि ते इवलंसं बीज उचलून नळीत ओढून घेते. शुक्राणू खालून वर पोहत येतात आणि नळीच्या बाहेरच्या भागात दोघांची गाठ पडते. या सगळ्या व्यवहारात दोन गोष्टी लागतात. झालर मोकळी हलती हवी आणि बीजकोश तिच्या आवाक्यात हवा.

एंडोमेट्रिओसिसमध्ये दर महिन्याला होणारा रक्तस्राव आजूबाजूच्या भागाला सतत चिडवत राहतो. शरीर त्या जागी दाह निर्माण करतं आणि जखम भरताना जशी खपली आणि व्रण धरतो, तसे आत पातळ पडदे, चिकट पट्टे तयार होतात. त्याने बीजकोश गर्भाशयाच्या पाठीला चिकटून बसतो, झालर गुरफटते. अनुभवी डॉक्टर आतून सोनोग्राफी करताना प्रोबने हलका दाब देतात आणि अवयव एकमेकांवरून घसरतात की एकजीव होऊन सरकतात ते पडद्यावर बघतात. ज्योतीच्या बाबतीत डावा बीजकोश गर्भाशयापासून सुटा होतच नव्हता. तिच्या रिपोर्टमध्ये गाठीचा आकार ठळक टाइप झाला होता आणि हे वाक्य खाली बारीक अक्षरात होतं. मूल राहण्याच्या दृष्टीने मात्र हे बारीक वाक्य आकाराइतकंच, कदाचित जास्त महत्त्वाचं होतं.

हा झाला यांत्रिक अडथळा. दुसरा अडथळा डोळ्यांना दिसत नाही. ओटीपोटात थोडा द्रव नेहमीच असतो. या आजारात त्यात दाहाच्या पेशी आणि रसायनं वाढतात. बीज आणि शुक्राणू दोघंही काही काळ या द्रवात असतात, आणि प्रयोगशाळेतल्या निरीक्षणांनुसार अशा वातावरणात शुक्राणूंची हालचाल आणि बीज-शुक्राणूंचं मिलन यांवर परिणाम होतो. म्हणूनच नळ्या पूर्ण मोकळ्या आणि गाठ एकही नसताना, ओटीपोटाच्या आवरणावर फक्त मोजके ठिपके असतानाही दिवस राहायला वेळ लागू शकतो. गर्भाशयाचं खरं अस्तरही या आजारात गर्भ रुजवायला थोडं कमी तयार असतं का, यावर मतभेद आहेत, म्हणून मी त्यावर भर देत नाही.

तिसरा परिणाम बीजसाठ्यावर. चॉकलेट सिस्ट बीजकोशाच्या आतच वाढते आणि आजूबाजूची निरोगी पेशीरचना, जिच्यात बीजं साठवलेली असतात, ताणून पातळ करते. स्त्रीला जन्मतः मिळालेली बीजं पुन्हा तयार होत नाहीत, त्यामुळे झालेलं नुकसान भरून येत नाही.

आणि चौथं कारण इतकं साधं आहे की पुस्तकांत त्याला फार जागा मिळत नाही. संबंधाच्या वेळी दुखत असेल तर संबंध कमी होतात. जोडपं महिन्यातले नेमके दिवस चुकवतं आणि दोघंही त्याबद्दल बोलत नाहीत. ज्योतीच्या फाइलमध्ये 'दोन वर्षं चार महिने प्रयत्न' असं लिहिलं होतं. प्रत्यक्षात त्यातले किती महिने नेमक्या दिवसांत प्रयत्न झाले, हा प्रश्न तिला तिसऱ्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा विचारला गेला. उत्तर द्यायला ती थोडी घुटमळली, आणि उत्तर निराळंच निघालं.

आता शक्यता किती कमी होते ते पाहू. तरुण, निरोगी जोडप्याला एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता साधारण १५ ते २० टक्के असते. एंडोमेट्रिओसिसवर काही उपचार न झालेल्या स्त्रीमध्ये ती २ ते १० टक्के मानली जाते. ऐकायला हा फरक जिवावर येतो, पण थोडं गणित करून पाहू. दर महिन्याची शक्यता २० टक्के धरली, तर वर्षभरात शंभरातल्या ९३ जोडप्यांना दिवस जातील. ती ५ टक्के धरली, तर वर्षाअखेरीस शंभरातल्या ४६ जणींना. हा हिशेब ढोबळ आहे, कारण खऱ्या आयुष्यात प्रत्येक जोडप्याची शक्यता सारखी नसते. तरी त्यातून एक गोष्ट दिसते. या आजाराचं निदान म्हणजे 'मूल होणार नाही' असा निकाल नव्हे. तो वेळ लांबवणारा आजार आहे. म्हणूनच हातात किती वेळ आहे, याला एरवीपेक्षा जास्त किंमत येते.

इथे एक मोठा गैरसमज अडवायला हवा. शस्त्रक्रियेत जे दिसेल त्याला गुण देऊन डॉक्टर आजाराचे चार टप्पे ठरवतात. पहिला सगळ्यांत सौम्य, चौथा तीव्र. बायका हा आकडा शाळेतल्या मार्कांसारखा मनात धरून बसतात. पण टप्पा वेदनेशी नीट जुळत नाही आणि दिवस राहण्याशीही फारसा जुळत नाही. चौथ्या टप्प्यातल्या बाईला आपोआप दिवस जातात आणि पहिल्या टप्प्यातली वर्षानुवर्षं वाट बघते, असं स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रोजच्या कामात घडतं. कारण टप्पा फक्त सांगतो की आजार किती पसरलाय. झालर चालते का, साठ्यात बीजं किती उरलीत, बाईचं वय काय, हे त्याला माहीत नसतं.

तसंच सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे हा आजार नाही, असंही नाही. चॉकलेट सिस्ट सोनोग्राफीत चांगली ओळखता येते. तिच्या आतला द्रव एकसारखा धुरकट, दुधी काचेसारखा दिसतो. खोल रुजलेला आजार सरावलेल्या नजरेला दिसतो. पण आवरणावरचे बारीक ठिपके बहुतेक वेळा दिसतच नाहीत. सीए-१२५ ही रक्ततपासणी यासाठी भरवशाची नाही, इतर कारणांनीही ती वाढते. पाळीत शौचाला दुखणं, संबंधात खोलवर कळ, दर महिन्याला कामावर जाता न येणं या गोष्टी डॉक्टरांना सांगितल्या, तर त्या रिपोर्टइतक्याच उपयोगी पडतात.

आता परत त्या तीन सल्ल्यांकडे. पहिला सल्ला गोळ्यांचा. डायनोजेस्टसारखी गोळी रोज घेतली की बीज बाहेर पडणं थांबतं, पाळी कमी होते किंवा बंद होते, आजाराला खायला काही मिळत नाही. दुखणं खरोखर कमी होतं, गाठही थोडी आटू शकते. पण गोळी चालू आहे तोवर दिवस राहणार नाहीत, हे उघड आहे. आणि थांबवल्यावर? आजार निजवून ठेवल्यामुळे नंतरची शक्यता वाढते, असं तपासण्यांत दिसलं नाही. युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संघटनेच्या, एश्रेच्या, २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: केवळ दिवस राहण्याची शक्यता वाढावी म्हणून ही औषधं देऊ नयेत. मूल आत्ता नको आणि दुखणं थांबवायचंय, तर गोळी उत्तम. मूल आत्ता हवंय, तर सहा महिने गोळी म्हणजे बहुतेक वेळा सहा महिने वाया. पहिले डॉक्टर चुकीचं औषध देत नव्हते. ते वेदनेच्या प्रश्नाचं उत्तर देत होते.

सासूबाईंचा सल्लाही इथेच निकालात काढू. गरोदरपणात पाळी बंद असल्याने काही जणींना आराम पडतो. पुढे पाळी सुरू झाली की दुखणं परत येऊ शकतं. त्यामुळे मूल हे या आजाराचं औषध नाही. कुणाला मूल हवं असेल, तर ते मूल हवं म्हणूनच.

दुसरा सल्ला, शस्त्रक्रिया. इथे गोष्ट खरी गुंतागुंतीची होते. सौम्य आजारात, म्हणजे फक्त ठिपके आणि थोडे पातळ पडदे असताना, दुर्बिणीतून ते काढले तर फायदा होतो का? कॅनडात याची नीट चाचणी झाली आणि १९९७ मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. दिवस राहत नसलेल्या ३४१ जणींची दुर्बिणीने तपासणी केली गेली. चिठ्ठी टाकावी तसं करून निम्म्या जणींचे ठिपके तिथल्या तिथे काढले, उरलेल्यांचे फक्त बघून सोडले. पुढच्या ३६ आठवड्यांत पहिल्या गटात शंभरातल्या जवळपास ३१ जणींची गर्भधारणा वीस आठवड्यांपुढे गेली, दुसऱ्या गटात १८ जणींची. फायदा खरा आहे, पण जादूचा नाही. इटलीत झालेल्या एका लहान चाचणीत तो दिसलाही नाही.

चॉकलेट सिस्टचं मात्र वेगळं आहे. साध्या गाठीला स्वतःची पिशवी असते, ती सोलून निघते. चॉकलेट सिस्टची भिंत म्हणजे बऱ्याच अंशी बीजकोशाचाच आत दुमडलेला थर असतो. गाठ सोलून काढताना त्या भिंतीबरोबर निरोगी थर आणि त्यातली बीजंही निघून येतात. रक्त थांबवायला विजेचा चटका दिला तर आणखी नुकसान. अभ्यासांची सरासरी पाहिली, तर एका बाजूची गाठ काढल्यावर ए.एम.एच. साधारण तिसऱ्या हिश्शाने घटतं, दोन्ही बाजूंची काढल्यास त्याहून जास्त. फक्त सुईने द्रव काढून घेतला तर बीजकोश शाबूत राहतो, पण गाठ बहुधा परत भरते. थोडक्यात, ज्या गाठीमुळे बीजसाठा कमी होतो ती काढतानाही बीजसाठा कमी होतो. म्हणूनच 'गाठ दिसली, काढून टाका' हे वाक्य इथे तितकं निरुपद्रवी नाही. शस्त्रक्रियेआधी ए.एम.एच. मोजून ठेवणं, दुसऱ्या बीजकोशाची स्थिती पाहणं, आणि साठा आधीच कमी असेल तर काही बीजं गोठवून ठेवण्याचा विचार करणं, एवढं तरी बोलणं व्हायला हवं.

तिसरा सल्ला, टेस्ट ट्यूब बेबी. १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र यशस्वी केलं, तेव्हापासून महाराष्ट्रात तरी हा शब्द घरोघरी माहीत आहे. एंडोमेट्रिओसिससाठी या तंत्राचं बलस्थान असं की ते झालर आणि ओटीपोट यांना वळसा घालून जातं. बीजं सुईने थेट बीजकोशातून घेतली जातात, फलन बाहेर होतं, गर्भ गर्भाशयात सोडला जातो. चिकटलेली नळी, दाहाचा द्रव, दोन्ही मधे येत नाहीत. गाठ असलेल्या बीजकोशातून बीजं थोडी कमी मिळू शकतात. पण त्यासाठी आधी गाठ काढून घेतली तर मूल होण्याची शक्यता वाढते, असंही आढळलेलं नाही. गाठ सुईच्या वाटेत येत असेल, दुखणं असह्य असेल किंवा तिचं रूप संशयास्पद वाटत असेल, तरच टेस्ट ट्यूबच्या आधी शस्त्रक्रियेचा विचार करतात. मग तिसरे डॉक्टर बरोबर होते म्हणायचं? लवकरात लवकर मूल, एवढाच प्रश्न असता तर कदाचित. ज्योतीला मात्र दुखणंही थांबवायचं होतं, आणि आपोआप दिवस जाण्याची संधी सोडायचीही नव्हती.

तिने शस्त्रक्रियेची निवड केली. या लेखाचा सगळ्यांत उपयोगी भाग इथून पुढे आहे, कारण शस्त्रक्रियेनंतर काय करायचं, हे ठरवायला एक साधी मोजपट्टी उपलब्ध आहे आणि रुग्णांना ती क्वचितच समजावून सांगितली जाते. २०१० मध्ये अमेरिकेतले डेव्हिड अॅडमसन आणि डेव्हिड पास्टा यांनी एंडोमेट्रिओसिस फर्टिलिटी इंडेक्स मांडला. शस्त्रक्रियेनंतर, टेस्ट ट्यूबशिवाय दिवस राहण्याची शक्यता किती, याला शून्य ते दहा गुण द्यायचे.

दहापैकी पाच गुण बाईच्या कहाणीचे. वय ३५ किंवा कमी असेल तर दोन, ३६ ते ३९ असेल तर एक, त्यापुढे शून्य. तीन वर्षं किंवा कमी काळ प्रयत्न चालू असतील तर दोन, त्याहून जास्त असतील तर शून्य. पूर्वी कधी दिवस राहिले असतील तर एक. उरलेले पाच गुण शस्त्रक्रियेत जे दिसलं त्याचे, आणि त्यातले तीन फक्त एका गोष्टीचे: शेवटी नळी, झालर आणि बीजकोश कितपत काम करतील. प्रत्येक अवयवाला शून्य ते चार गुण देतात, चार म्हणजे अगदी निरोगी. प्रत्येक बाजूचा सगळ्यांत दुबळा अवयव घेतात आणि दोन्ही बाजूंचे आकडे मिळवतात. साखळी सगळ्यांत कमजोर कडीइतकीच मजबूत असते, हे तत्त्व इथे सरळ आकड्यात उतरलंय. आजार किती पसरलाय याला, ज्याची इतकी भीती वाटते त्याला, दहापैकी फक्त दोन गुण आहेत.

ज्योतीची बेरीज करू. वय ३२, दोन गुण. प्रयत्न तीन वर्षांच्या आत, दोन गुण. पूर्वी दिवस राहिलेले नाहीत, शून्य. डाव्या बाजूला झालर काही प्रमाणात खराब, बीजकोश सोडवला पण दुखावलेला. सगळ्यांत कमी आकडा दोन. उजवीकडे नळी, झालर ठीक, बीजकोशावर थोडे ठिपके होते. सगळ्यांत कमी आकडा तीन. बेरीज पाच, म्हणजे मध्यम कार्यक्षमता, त्याचे दोन गुण. मोठ्या चॉकलेट सिस्टमुळे आजाराच्या पसरण्याचा पहिला गुण गेला, एकूण चिकटलेपणा मर्यादित असल्याने दुसरा मिळाला. एकूण सात.

या मोजपट्टीच्या मूळ अभ्यासात नऊ-दहा गुणांच्या बायकांपैकी साधारण तीन-चतुर्थांश जणींना तीन वर्षांत टेस्ट ट्यूबशिवाय दिवस राहिले, आणि तीन किंवा त्याहून कमी गुण असलेल्या दहांपैकी साधारण एकीला. सात हा वरच्या बाजूचा आकडा आहे. म्हणून ज्योतीला सांगितलं गेलं की गोळ्या नाहीत, काही महिने घरीच प्रयत्न करा, महिन्याच्या मधल्या सुपीक दिवसांत एक दिवसाआड. दुखणं कमी झाल्याने ते आता जमण्यासारखं होतं.

आता हीच ज्योती, हेच पोट, हीच शस्त्रक्रिया, पण वय ३८ आणि प्रयत्नांना चार वर्षं झालेली, असं धरा. वयाचा एक गुण गेला, काळाचे दोन्ही गेले. सातावरून आकडा चारावर आला. आत दुर्बिणीतून दिसलेलं चित्र एका रेषेनेही बदललेलं नाही, टप्पाही तोच. पण या दुसऱ्या ज्योतीला कुणी वर्षभर थांबा म्हणणार नाही. तिच्याशी टेस्ट ट्यूबची चर्चा शस्त्रक्रियेच्या जखमा भरत असतानाच सुरू व्हायला हवी. सौम्य आजाराच्या जोडप्यांसाठी मधे आणखी एक पायरी असते, गोळ्या किंवा इंजेक्शनने बीज तयार करून वीर्य गर्भाशयात सोडण्याची, म्हणजे आययूआयची. तीही तीन-चार वेळांच्या पुढे ओढत नाहीत.

एक सूचना ए.एम.एच.बद्दल. ज्योतीचं शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी १.३ आलं आणि ती रडकुंडीला आली. ही तपासणी साठा किती उरलाय याचा अंदाज देते, आणि टेस्ट ट्यूबमध्ये एका वेळी किती बीजं मिळतील हे त्यावरून बरंच कळतं. उरलेल्या बीजांचा दर्जा ती सांगत नाही, तो मुख्यतः वयावर ठरतो. आपोआप दिवस जायला महिन्याला एकच बीज लागतं. त्यामुळे १.३ हा आकडा घाई करायला सांगतो, हार मानायला नाही.

तिच्या फाइलवर डॉक्टरांनी पुढच्या भेटीचं 'सहा महिने' असं लिहून खाली रेघ मारली. तोवर दिवस राहिले नाहीत तर आणखी वाट न बघता टेस्ट ट्यूबकडे वळायचं, हे तिने आणि अमोलने दवाखान्यातच ठरवलं. स्वयंपाकघराच्या दाराआड टांगलेल्या कालनिर्णयवर आजवर पाळीच्या तारखांवर फुल्या असायच्या. घरी आल्यावर अमोलने ते उतरवलं, सहा पानं मोजून उलटली आणि एका तारखेभोवती निळ्या पेनाने गोल केला.